झाडू मारून खोली मोठी होत नाही

माझ्या धाकट्या बहिणीची तीन वर्षांत एक पक्की समजूत झाली होती, की आपण पसारा करणारी मुलगी आहोत. खोलीत नाही, लॅपटॉपमध्ये. दर सेमिस्टरच्या शेवटी तिच्या सी ड्राइव्हची पट्टी लाल व्हायची, ती कॉलेजजवळच्या दुकानात जायची, दुकानदार काका मान हलवून म्हणायचे, "किती कचरा साठवतेस गं," आणि ५०० रुपयांत 'क्लिनिंग' करून द्यायचे. तीन आठवड्यांनी पट्टी पुन्हा लाल. मग ती रात्री मला मेसेज करायची, "दादा, काय डिलीट करू?"

लाजेची गोष्ट ही, की मीही तेच सांगायचो. रीसायकल बिन रिकामा कर. डाउनलोड बघ. टेम्प फाइल काढ. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, दिवसभर सर्व्हरच्या डिस्क भरल्या की त्या वाढवा म्हणून तिकिटं टाकतो. सर्व्हरची डिस्क भरली तर कुणी सर्व्हरला 'पसारा करतोस' म्हणत नाही. बहिणीला मात्र मी तीन वर्षं शिस्त शिकवत होतो.

या लेखात मला याच शिस्तीशी भांडायचं आहे. जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत 'साफ कर' हा सल्ला बहुतेक वेळा तांत्रिक नसतोच. तो नैतिक असतो. डिस्क लहान आहे हा दोष विकणाऱ्याचा असतो, तो आपण वापरणाऱ्याच्या सवयींवर ढकलतो. आणि डिस्क लहान आहे की खरंच कचरा आहे, हे कळायला अंदाज लागत नाही. बेरीज-वजाबाकी लागते. ती कुणी करत नाही, कारण ती केली की क्लिनिंगचं दुकान बंद होईल.

लॅपटॉप मूळचा माझा. इंजिनिअरिंग संपताना, २०१९ साली घेतलेला. आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी. मी त्यावर कोड लिहायचो, म्हणजे मुख्यतः मजकूर. मला २५६ पुरून उरायचे. २०२१ मध्ये बहिणीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला आणि तो तिच्याकडे गेला. तिथे काम मजकुराचं नसतं. ऑटोकॅड, रेव्हिट, स्केचअप, फोटोशॉप, आणि शीटच्या एकेका फाइलचं वजन माझ्या अख्ख्या फायनल इयर प्रोजेक्टएवढं. वापर बदलला होता, डिस्क तीच होती, आणि आम्ही सगळे मिळून तिच्या सवयी सुधारत होतो.

हे प्रकरण माझ्या डोक्यात शिरलं ते २०२४ च्या पावसाळ्यात. दुकानातून सांगितलं गेलं, "आता क्लिनिंगने भागणार नाही, फॉरमॅट मारावा लागेल. डेटा काढून ठेवतो, काळजी करू नको." १,४०० रुपये. त्यांनी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तीन फोल्डर काढून ठेवले. तिने दोन वर्षं स्वतः मापं घेऊन बनवलेली दारं, खिडक्या, जिने, फर्निचर यांची रेव्हिट मॉडेलं थेट सी ड्राइव्हच्या मुळाशी एका फोल्डरमध्ये होती. ती गेली. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणत नाही. 'डेटा' म्हणजे ते तीन फोल्डर अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. पण फॉरमॅटची गरजच नव्हती. दिवाळीत ती घरी आली तेव्हा पट्टी परत लाल होती. तीन महिन्यांत.

तेव्हा मी पहिल्यांदा, तीन वर्षांनी, बसून मोजलं.

२५६ जीबीच्या डिस्कवर विंडोज साधारण २३८ जीबी दाखवतं. यात चोरी नाही. डिस्क बनवणारे १००० ने गुणतात, विंडोज १०२४ ने. त्यातून बूटसाठीचं आणि रिकव्हरीचं पार्टिशन वजा केलं की तिच्या सी ड्राइव्हला २३७ उरले होते. WinDirStat नावाचं फुकट साधन आहे, ते कुठल्या फोल्डरने किती जागा घेतली हे रंगीत चौकोनांत दाखवतं. त्यातून हिशेब निघाला तो असा. विंडोज, त्याची पेजफाइल आणि हायबरनेशन फाइल धरून ४१ जीबी. बसवलेली सॉफ्टवेअर आणि त्यांच्या लायब्ररी ६२. तिच्या नावाखालचा लपलेला AppData फोल्डर २७. प्रोजेक्ट ७८. फोटो, पीडीएफ, इकडून-तिकडून आलेल्या फाइल १२. एकूण २२०, शिल्लक १७. दहा टक्क्यांच्या खाली गेलं की विंडोज पट्टी लाल करतं, म्हणून लाल.

मग मी दुकानदार बनलो आणि जेवढा म्हणून कचरा सापडला तेवढा काढला. टेम्प, ब्राउझरची कॅश, अपडेटचे अवशेष, ऑटोकॅडच्या .bak फाइल, रेव्हिट प्रत्येक सेव्हला मागे ठेवतं त्या .0001, .0002 अशा शेपट्यांच्या जुन्या प्रती. सगळं मिळून निघाले १४ जीबी. म्हणजे २२० मध्ये खरा कचरा १४, आणि २०६ जीबी तिचं काम आणि त्या कामाची हत्यारं. 'किती कचरा साठवतेस गं' या वाक्याचं वजन एवढंच.

आता पुढचा आकडा, जो कुणीच विचारत नाही: वर्षाला वाढ किती? तिच्या प्रोजेक्ट फोल्डरच्या तारखा पाहिल्या तर गेल्या वर्षात सुमारे ३५ जीबी वाढलं होतं. २०६ आणि ३५ म्हणजे २४१. डिस्क २३७ ची. धुऊन-पुसून लख्ख केलेला, एकही फालतू फाइल नसलेला लॅपटॉपसुद्धा वर्षभराच्या आत ओसंडणार होता. कुठल्याही शिस्तीने हे गणित बदलत नाही.

इथे एक योग्य आक्षेप येतो, आणि तो मी टाळणार नाही. जुने प्रोजेक्ट बाहेरच्या हार्डडिस्कवर का नाही टाकायचे? टाकायचेच. डिस्कवरच्या गोष्टी तीन प्रकारच्या असतात: कचरा, निजलेल्या आणि चालू. कचऱ्याला क्लिनिंग, निजलेल्यांना बाहेरची डिस्क, आणि फक्त चालू गोष्टी मावत नसतील तरच मोठी एसएसडी. लग्नाचे व्हिडिओ आणि डाउनलोड केलेल्या सीरिजनी ड्राइव्ह भरला असेल तर नवी एसएसडी घेऊ नका, एक साधी बाहेरची डिस्क घ्या आणि पैसे वाचवा. आम्ही तिच्या ७८ मधले ३० जीबी निजलेले ठरवले. पहिल्या दोन वर्षांचं काम, जे ती क्वचितच उघडते. मग उरतात १७६. वर्षाची वाढ धरून २११. म्हणजे ऐन थीसिसच्या वर्षात २६ जीबी मोकळे, पुन्हा लाल पट्टीच्या दारात. आणि बाहेर काढलेलं काम एकाच डिस्कवर, दुसरी प्रत नाही. माझा नियम आता साधा आहे: कचरा आणि निजलेलं दोन्ही वजा करा, वर्षाची वाढ मिळवा, आणि उत्तर डिस्कच्या ऐंशी टक्क्यांवर जात असेल तर साफसफाई थांबवा. २३७ चे ऐंशी टक्के १९०. उत्तर २११.

ऐंशीच का? कारण एसएसडीला मोकळी जागा सामान ठेवायला नाही, काम करायला लागते. एसएसडी जुनी नोंद खोडून तिथेच नवी लिहू शकत नाही. खोडायचं तर एकदम मोठा ठोकळा खोडावा लागतो, म्हणून त्यातला जिवंत डेटा आधी दुसरीकडे हलवावा लागतो. जागा कमी असेल तर ही हलवाहलव वाढते. शिवाय आजच्या बऱ्याच एसएसडी मोकळ्या जागेचा एक भाग वेगवान कॅश म्हणून वापरतात. डिस्क भरत गेली की ही कॅश आकसते आणि मोठी फाइल सेव्ह करताना वेग धाडकन पडतो. ऐंशी हा काही निसर्गनियम नाही, माझा सोयीचा आकडा आहे. पण तिच्या रेव्हिटचं 'सेव्ह'वर गोठणं आणि मधूनच बंद पडणं यामागे दुसरंही कारण होतं. ८ जीबी रॅम रेव्हिटला कमी पडते, मग विंडोज डिस्कवरची पेजफाइल वाढवून भागवतं, आणि डिस्कवर वाढायलाच जागा नसेल तर प्रोग्राम कोसळतो. बहीण समजत होती की फाइल जड केली ही तिची चूक.

एसएसडी विकणाऱ्यांचीही इथे गय करायला नको, कारण क्लिनिंगवाल्यांइतकेच तेही न मोजता औषध देतात. डिस्क अर्धी रिकामी असूनही लॅपटॉप रडत असेल तर टास्क मॅनेजर उघडून मेमरी बघा. ती काम करताना सतत नव्वद टक्क्यांवर असेल तर रॅम हवी आहे. पंखा ओरडत असेल तर धूळ काढा, ते एकच क्लिनिंग मला मान्य आहे. स्वस्त छोट्या लॅपटॉपमध्ये स्टोरेज ईएमएमसी प्रकारचं असेल तर ते मदरबोर्डवर डाख देऊन चिकटवलेलं असतं, बदलता येत नाही. आणि डिस्क आजारी आहे का ते क्लोन करण्याआधी बघायलाच हवं. CrystalDiskInfo मध्ये दोन ओळी पाहायच्या: Percentage Used आणि Media and Data Integrity Errors. तिच्या डिस्कवर पहिली ११ होती, दुसरी शून्य. म्हणजे डिस्क धडधाकट, फक्त लहान. दुसऱ्या ओळीतला आकडा वाढत असेल तर क्लोनच्या नादी लागू नका. आधी महत्त्वाच्या फाइल हाताने बाहेर काढा, कारण अशा डिस्कला शेवटपर्यंत वाचायला लावणं म्हणजे आजारी माणसाला जिना चढवणं.

आम्ही १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी घेतली, लांबी तीच, २२८०. हे दोन शब्द खरेदीआधी बघून घ्या. एम.२ नावाच्या एकाच खाचेत साटा आणि एनव्हीएमई अशा दोन वेगळ्या भाषा बोलणाऱ्या डिस्क बसतात, आणि २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. जुनी जी आहे तीच जात आणि तेच माप घेतलं की पुढची अर्धी डोकेदुखी टळते. लॅपटॉपमध्ये खाच एकच होती, म्हणून नवी डिस्क बाहेरून जोडायला यूएसबीचं एनव्हीएमई एन्क्लोजर घेतलं. ते वाया जात नाही, हे पुढे येईल.

क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत: विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग, सगळं. फॉरमॅट नाही, पुन्हा बसवणं नाही. दुकानं हे सहसा सुचवत नाहीत, कारण फॉरमॅटला डोकं लावावं लागत नाही. पण क्लोनचा एक धोका आहे आणि तो मी स्वतः भोगलेला, किंवा खरं सांगायचं तर दुसऱ्याला भोगायला लावलेला आहे. हॉस्टेलवर रूममेटची हार्डडिस्क क्लोन करताना मी दिशा उलटी दिली. दोन्ही डिस्क ५०० जीबीच्या, एकाच कंपनीच्या. एकीचं नाव sda, दुसरीचं sdb. मी रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर क्लोन केली. प्रोग्रामने दोनदा विचारलं होतं, मी दोनदा y दाबलं होतं. त्याचे शाळेपासूनचे फोटो त्यात होते. त्याने मला माफ केलं, मी अजून केलेलं नाही.

म्हणून पहिली पायरी क्लोनची नाहीच. पहिली पायरी बॅकअपची. प्रोजेक्ट, फोटो, आणि सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेला प्रत्येक अनोळखी फोल्डर एका तिसऱ्या डिस्कवर कॉपी करून ती डिस्क लॅपटॉपपासून सोडवून कपाटात ठेवली. क्लोन हा बॅकअप नाही; क्लोन करताना दोन्ही डिस्क एकाच टेबलावर, एकाच वायरीला, एकाच चुकीच्या अंतरावर असतात.

दुसरी पायरी बहुतेकांना माहीतच नसते: डिस्क कुलूपबंद आहे का? बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून:

```
manage-bde -status C:
```

आमच्याकडे ती एन्क्रिप्टेड निघाली. आधी aka.ms/myrecoverykey वर तिच्या खात्यातून ४८ आकडी रिकव्हरी की मिळवून कागदावर लिहून घेतली, आणि मग कुलूप काढलं:

```
manage-bde -off C:
```

हे चालू होतं आणि मागे सावकाश होत राहतं. पहिली कमांड पुन्हा देत राहायचं आणि Fully Decrypted दिसेपर्यंत थांबायचं. कुलूप तसंच ठेवून क्लोन करता येतं, पण मग प्रोग्रामला आतलं काही वाचता येत नाही, तो मोकळी जागासुद्धा कण न् कण कॉपी करतो. आणि नव्या डिस्कवर पहिल्यांदा सुरू करताना विंडोजने की मागितली आणि ती हाताशी नसली, तर दारातच बसायचं.

तिसरी गोष्ट छोटी, पण नंतर जीव शांत करणारी. प्रोजेक्टच्या फोल्डरची मोजदाद करून ठेवली:

```
dir "C:\Projects" /s /a
```

शेवटी किती फाइल आणि किती बाइट हे येतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढला. मग लॅपटॉप पूर्ण बंद केला. 'पूर्ण' म्हणतोय कारण विंडोजचं नेहमीचं शट डाउन फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट झोप असते, आणि अर्धवट झोपलेला ड्राइव्ह बघून क्लोनचा प्रोग्राम अडून बसतो. यासाठी:

```
shutdown /s /t 0
```

क्लोनसाठी मी क्लोनझिला वापरतो. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, दिसायला निळा-करडा आणि माणूसघाणा आहे. ते पेनड्राइव्हवरून सुरू होतं, म्हणजे कॉपी चालू असताना विंडोज जागंच नसतं आणि फाइल हातातून निसटत बदलत नाहीत. सिक्युअर बूटमुळे पेनड्राइव्ह सुरू होत नसेल तर बायॉसमध्ये ते तेवढ्यापुरतं बंद करता येतं, पण कुलूप काढल्यानंतरच. नाहीतर तेच कारण होऊन विंडोज की मागतं.

आता दिशा. क्लोनझिलाचा मेन्यू पुढे न्यायच्या आधी त्याच्या कमांड लाइनवर जाऊन ही यादी पाहिली:

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL,TRAN
```

आतली जुनी डिस्क nvme0n1 म्हणून दिसली, 238.5G. बाहेरची नवी sdb, 931.5G, शेवटच्या रकान्यात usb. मधे sda होता तो क्लोनझिलाचाच पेनड्राइव्ह. नावावर विश्वास ठेवायचा नाही, ते जोडण्याच्या क्रमाने बदलतं. एन्क्लोजरमधल्या डिस्कचं मॉडेलसुद्धा कधी कधी एन्क्लोजरच्याच चिपचं दिसतं. विश्वास आकारावर. हॉस्टेलवरची ती चूक दोन्ही आकार सारखे होते म्हणून झाली होती. मोठी डिस्क घेण्याचा हा एक फायदा जाहिरातीत नसतो. मी बहिणीला कागदावर लिहायला लावलं: "स्रोत २३८, लक्ष्य ९३१." आणि प्रोग्रामने विचारलं तेव्हा मी स्क्रीन वाचली, तिने कागद वाचला, मग y.

मेन्यूत device-device, मग disk_to_local_disk, स्रोत, लक्ष्य. पार्टिशनबद्दल विचारतो तिथे -k0, म्हणजे जुन्या डिस्कची मांडणी जशी आहे तशी. -k1 मध्ये तो सगळी पार्टिशनं प्रमाणात फुगवतो, रिकव्हरीचंसुद्धा, ज्याचा काही उपयोग नाही. शेवटी काम झाल्यावर poweroff. चार्जर लावलेला, एन्क्लोजर टेबलावर उघडं, गादीवर नाही, कारण ते चांगलंच तापतं. क्लोनझिला फक्त भरलेली जागा कॉपी करतं, त्यामुळे पाऊण तासाच्या आत झालं. तेवढ्या वेळात आईने आम्हाला दोनदा जेवायला बोलावलं आणि कुणीच उठलं नाही.

यानंतरची चूक सगळ्यात जास्त लोक करतात: दोन्ही डिस्क जोडलेल्या असतानाच उत्साहाने विंडोज सुरू करणं. क्लोन इतका हुबेहूब असतो की दोन्ही डिस्कची आतली ओळखसुद्धा एकच असते. विंडोज गोंधळतं, एका डिस्कला ऑफलाइन करतं किंवा तिची ओळख बदलून टाकतं, आणि नवी चालतेय की जुनी हे तुम्हालाही कळत नाही. म्हणून लॅपटॉप बंदच ठेवून एन्क्लोजर काढलं, मागचं झाकण उघडलं, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला, जुनी डिस्क काढून नवी बसवली. एकच स्क्रू असतो. तो हरवतो. वाटीत ठेवा.

विंडोज सुरू झालं, तिचाच वॉलपेपर, तिचीच अर्धवट उघडी शीट. बहीण ओरडलीच. पण सी ड्राइव्ह अजून २३७ चाच होता. इथे लोकांना वाटतं क्लोन फसला. फसलेला नसतो. उरलेली जागा डिस्कच्या शेवटी रिकामी पडलेली असते, आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन Extend Volume शोधलं तर ते करडं, दाबता न येणारं. कारण सी आणि रिकामी जागा यांच्या मधोमध ते छोटं रिकव्हरी पार्टिशन भिंतीसारखं उभं असतं, आणि विंडोज फक्त लागून असलेल्याच जागेत पसरू शकतं.

दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता: रिकाम्या जागेचा नवा डी ड्राइव्ह करा आणि प्रोजेक्ट तिकडे हलवा. यात बिघडण्यासारखं काही नाही, आणि ज्यांना पार्टिशनशी खेळायची भीती वाटते त्यांनी बिनदिक्कत हाच घ्यावा. पण आमच्याकडे सॉफ्टवेअर आणि AppData हेही वाढतं होतं, ते सी मध्येच राहतात, म्हणून दुसरा रस्ता घेतला. जीपार्टेड पेनड्राइव्हवरून सुरू करून रिकव्हरीचं पार्टिशन डिस्कच्या टोकाला सरकवलं, मग विंडोजमध्ये येऊन सी वाढवला. त्यानंतर `reagentc /info` देऊन पाहिलं. रिकव्हरी Disabled दिसली, `reagentc /enable` दिल्यावर पुन्हा चालू झाली. हे सगळं नव्या डिस्कवर चाललं होतं आणि जुनी माझ्या खिशात होती, म्हणून हात थरथरले नाहीत. क्लोन करण्याची खरी सुरक्षितता ती: मूळ प्रत तुमच्या प्रयोगांच्या आवाक्याबाहेर असते.

मग तपासणी. dir ची तीच कमांड दिली आणि मोबाइलमधल्या फोटोशी आकडा जुळवला; फाइल तेवढ्याच, बाइट तेवढेच. आकडा जुळला तरी उघडून बघायचं असतं, म्हणून सगळ्यात जुना प्रोजेक्ट, सगळ्यात नवा आणि सगळ्यात जड अशा तीन फाइल उघडल्या. एका सॉफ्टवेअरने पुन्हा साइन-इन मागितलं, डिस्क बदलली की काही मागतात. शेवटी एन्क्रिप्शन परत चालू केलं, कारण लॅपटॉप हॉस्टेलवर राहतो, आणि नवी की नव्याने कागदावर लिहिली. जुनी आता चालणार नाही, हे विसरू नका.

हिशेब सांगतो, कारण वाद पैशांचाही आहे. तीन वर्षांत पाच क्लिनिंगचे २,५०० आणि फॉरमॅटचे १,४००, म्हणजे ३,९०० रुपये दुकानात गेले होते, वर गेलेली मॉडेलं. त्याच काळात तेवढ्या पैशांत मोठी डिस्क आली असती. हे मी दुकानदार काकांना सांगितलं, भांडायला नाही, सहज. ते म्हणाले, "दादा, पोरं येतात तेव्हा खिशात पाचशेच असतात. डिस्क घे म्हटलं तर उठून दुसऱ्या दुकानात जातात." मला उत्तर सुचलं नाही. ते काही अंशी बरोबर आहेत. पण पाचव्यांदा आलेल्या मुलीला 'कचरा' हा शब्द ऐकवण्याऐवजी दोन आकडे दाखवायला पाचशे रुपयेही लागत नाहीत.

जुनी २५६ ची डिस्क महिनाभर तशीच ठेवली, वर चिकटपट्टी लावून: "क्लोन दिवाळी २४, पुसू नये." महिना सुरळीत गेल्यावर ती पुसून एन्क्लोजरमध्ये घातली, आणि आता तिचे निजलेले प्रोजेक्ट तिथे झोपतात; दुसरी प्रत कपाटातल्या डिस्कवर आहे. सी ड्राइव्ह ९३० चा आहे, थीसिस धरून त्यात ३०० च्या आसपास भरलेत. दारं-खिडक्यांची मॉडेलं ती पुन्हा बनवतेय, एका वेळी एक. परवा रात्री तिचा मेसेज आला. मला वाटलं पुन्हा काय डिलीट करू. जिन्याच्या कठड्याचा फोटो होता, खाली लिहिलेलं, "हे आधीच्यापेक्षा बरं जमलंय ना?"